सोमा परटिणीचे पुण्य

श्रावण-भाद्रपदात घरोघर सांगितल्या जाणाऱ्या व्रतांच्या कहाण्यांकडे आपल्याकडे दोन नजरांनी पाहिले गेले. एक नजर भाविकाची. तिला कहाणीत फक्त व्रताचे फळ दिसते. दुसरी नजर सुधारकाची. तिला तीत फक्त भाबडेपणा आणि भटशाही दिसते. तिसरीही एक नजर आहे, तिने या कहाण्यांना पोरांच्या गोष्टी करून टाकले. 1914 साली सी. ए. किंकेड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने या कहाण्यांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. चित्रकार धुरंधरांनी त्यासाठी चित्रे काढली आणि पुस्तकाचे नाव ठेवले गेले 'डेक्कन नर्सरी टेल्स', म्हणजे दख्खनच्या बाळगोष्टी. ज्या गोष्टी प्रौढ बायका उपाशी पोटी, हातात अक्षता धरून, मरणाच्या आणि वांझपणाच्या भीतीला तोंड देत ऐकत होत्या, त्या पाळणाघरात जाऊन बसल्या.

या तिन्ही नजरा बाजूला ठेवून मी या कहाण्या विधीचे वाङ्मय म्हणून वाचू पाहतो. असे वाचताना देव आहे की नाही, हा प्रश्न क्षणभर थांबवावा लागतो. त्याऐवजी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ही गोष्ट कोण सांगते? कोणाला सांगते? ती सांगितल्याने नेमके काय घडते, असे सांगणाऱ्या बाईला वाटते? आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, या गोष्टीत जात कुठे बसलेली आहे?

आधी विधी पाहू. व्रताला क्रम असतो. प्रथम वसा घ्यायचा, म्हणजे अमुक दिवशी अमुक इतके दिवस अमुक करीन असा नेम पत्करायचा. त्या दिवशी उपवास करायचा, पाटावर किंवा भिंतीवर देवता मांडायची, पूजा करायची, कहाणी ऐकायची, सवाष्णींना वाण द्यायचे आणि ठरलेली मुदत भरली की उद्यापन करायचे. यातील संकल्प आणि उद्यापन या दोन टोकांना भटजी येतो, दक्षिणा घेतो आणि जातो. मधला सगळा भाग मात्र बायकांच्या हातात असतो, आणि त्या मधल्या भागाचा गाभा म्हणजे कहाणी. घरातली वडीलधारी बाई ती सांगते किंवा चातुर्मासाच्या पुस्तकातून वाचते. ऐकणाऱ्या बायका मुठीत तांदळाचे दाणे धरून बसतात आणि कहाणी संपली की ते देवतेला वाहतात. कहाणी ऐकल्याशिवाय व्रत पुरे होत नाही. म्हणजे ती व्रताची माहिती देत नाही, ती व्रताचाच एक अवयव आहे.

हे ऐकणे किती आवश्यक मानले होते, हे आदितवारच्या, म्हणजे आदित्यराणूबाईच्या कहाणीत स्पष्ट दिसते. तीत बाप आपल्या राणी झालेल्या मुलीकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. न ऐकल्यामुळे तिला दारिद्र्य येते. पुढे ती बहिणीकडून वसा शिकते, तिचे दिवस पालटतात, आणि मग वाटेवर तिची पंचाईत होते ती अशी की, आता कहाणी सांगायला तिला ऐकणारा मिळत नाही. गावात उपाशी कोणी असेल तर शोधून आणा, असे ती सांगते. एक मोळीविक्या सापडतो. तो विचारतो, तुझी कहाणी ऐकून माझे पोट भरणार आहे का? शेवटी तो ऐकतो. राणीच्या हातात सहा मोती असतात. तीन ती स्वतःकडे ठेवते, तीन त्याला देते. त्याची मोळी सोन्याची होते. पुढे असाच एक माळी भेटतो, मुलांना मुकलेली एक म्हातारी भेटते.

आमच्या आजीने गावातल्या वरच्या आळीत मोळ्या पोचवल्या होत्या. अंगणाच्या कडेला पैशांची वाट पाहत उभी असताना तिने ही कहाणी माजघरातून येणाऱ्या आवाजात अनेकदा ऐकली होती. ती आम्हाला सांगताना एकच शंका काढीत असे, 'मोती दिलं ते खरं, पण त्याला बसायला सांगितलं का? पानी पाजलं का?' कहाणीत याचे उत्तर नाही. पण आजीचा प्रश्न मला कोणत्याही टीकाकाराच्या प्रश्नापेक्षा नेमका वाटतो. कहाणीला मोळीविक्या हवा आहे, त्याचे कान हवे आहेत, त्याची भूक हवी आहे, कारण त्याच्याशिवाय राणीचे व्रत पुरे होत नाही. पण तो उंबऱ्याच्या आत येतो की बाहेरच राहतो, याविषयी कहाणी गप्प आहे. ही गरज आणि ही चुप्पी, या दोन गोष्टी एकत्र धरूनच हे वाङ्मय वाचले पाहिजे.

आता मी ज्या कहाणीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे वळतो. ती सोमवती अमावास्येची कहाणी. अमावास्या सोमवारी आली की ती सोमवती. वर्षातून असे दिवस दोन-तीनदाच येतात. त्या दिवशी बायका पिंपळाला 108 प्रदक्षिणा घालतात. या व्रताची संस्कृत कथा भीष्म युधिष्ठिराला सांगतो अशा थाटात येते आणि तिच्यात कांची नगरी, देवस्वामी ब्राह्मण, धनवती त्याची बायको, गुणवती मुलगी अशी नावे आहेत. मराठी कहाणीने भीष्म, युधिष्ठिर आणि कांची यांना रजा दिली आणि सगळे आपल्या ओळखीच्या आटपाट नगरात आणून बसवले. गोष्ट मात्र तीच राहिली.

ब्राह्मणाच्या घरी सात मुलगे, सात सुना आणि एक लग्नाची मुलगी. दारात एक भिक्षेकरी ब्राह्मण येतो. सुना भिक्षा घालतात, तो त्यांना सौभाग्याचा आशीर्वाद देतो. मुलगी भिक्षा घालते तेव्हा मात्र तो एवढेच म्हणतो की, धर्माने वाग. आईच्या लक्षात हा फरक येतो. आशीर्वादातून एक शब्द गळला आहे, हे त्या बाईच्या कानाने टिपले. खोदून विचारल्यावर तो सांगतो, ही मुलगी लग्नाच्या वेळी सप्तपदीतच विधवा होईल. उपाय काय? सातासमुद्रापलीकडे, सिंहलद्वीपात, सोमा नावाची परटीण आहे. ती लग्नाला आली तर हे टळेल.

धाकटा भाऊ बहिणीला घेऊन निघतो. समुद्रकाठी झाडावर गिधाडाचे घरटे असते, ते गिधाड त्यांना पलीकडे पोचवते. सोमाच्या घरी जाऊन ते हात जोडून काही मागत नाहीत. ते लपून राहतात आणि रोज पहाटे, कोणी उठण्याआधी, तिचे अंगण झाडतात, घर सारवतात. सोमा सुनांना विचारते, इतक्या लवकर उठून हे कोण करते? सुना म्हणतात, आम्ही नाही. मग सोमा पाळत ठेवते आणि दोघांना पकडते. ती हादरून विचारते, तुम्ही ब्राह्मण, मी परटीण, तुम्ही माझे घर का झाडता? याचे पाप माझ्या माथी येईल. ते आपले संकट सांगतात. सोमा यायला तयार होते. निघताना ती सुनांना बजावते की, मी नसताना या घरात कोणी मेले तर त्याला जाळू नका, मी परत येईपर्यंत तसेच जपून ठेवा.

लग्न लागते, सप्तपदीच्या वेळी नवरा कोसळतो. सगळे रडतात, सोमा रडत नाही. आजवर केलेल्या सोमवती व्रतांचे पुण्य ती विधिपूर्वक त्या मुलीला देऊन टाकते आणि नवरा उठून बसतो. तिकडे सोमाच्या घरी तिचे मुलगे, जावई, नवरा मरून पडतात. परतीच्या वाटेवर सोमवती अमावास्या येते. एक म्हातारी कापसाचा भारा घेऊन येते आणि म्हणते, जरा हात लाव. सोमा म्हणते, आज आम्ही कापसाला हात लावत नाही. पुढे नदीकाठी पिंपळ दिसतो. ती आंघोळ करते, 108 प्रदक्षिणा घालते. घरी तिची माणसे जिवंत होतात.

या कहाणीत मला पहिली गोष्ट दिसते ती पुण्याची मालकी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, बाईला नवऱ्यावेगळा यज्ञ नाही, व्रत नाही, उपवास नाही. नवऱ्याची सेवा हाच तिचा स्वर्ग. धर्मशास्त्राला पुढे हे सैल करावे लागले, कारण बायका व्रते करीतच होत्या. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीने 13व्या शतकात आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रतांचा एक प्रचंड खंडच भरला आणि 18व्या शतकात काशीत विश्वनाथाने 'व्रतराज' रचला. शास्त्राने बायकांची आणि शूद्रांची व्रते आपल्या पोथीत ओढून घेतली, त्यांना पुराणांचा शिक्का मारला, संकल्पाचे मंत्र आणि दानाची यादी जोडली. पण कहाणीच्या पोटात जुना हिशेब शिल्लक राहिला. या हिशेबात पुण्य बाईचे स्वतःचे आहे. तिने ते उपवासाने आणि पायांनी चालून कमावले आहे. ते साठते. ते दुसऱ्याला देता येते. दिले की संपते. आणि पुन्हा कमावता येते. ज्या काळात बाईच्या नावावर जमीन नव्हती, तिच्या श्रमाला मोल नव्हते, आणि स्त्रीधन तेवढे तिचे म्हणायचे तर तेही संकटकाळी नवऱ्याला वापरता येत होते, त्या काळात ही एक मालमत्ता अशी होती की जी ती नवऱ्याला न विचारता एका परक्या मुलीला देऊ शकत होती.

सोमाने नवऱ्याला विचारल्याचे कहाणीत कुठेही नाही. आणि ती अजाणतेपणी देत नाही. निघतानाच तिने सुनांना बजावले आहे. म्हणजे आपले पुण्य संपले की आपल्या घरात प्रेते पडतील, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने धोका मोजला, घराची व्यवस्था लावली, परतीच्या वाटेवर अमावास्या येईल हेही बहुधा धरले, आणि मग निघाली. सावित्रीच्या कथेशी हे ताडून पाहावे. सावित्री स्वतःच्या नवऱ्यासाठी यमामागे जाते आणि बोलण्यात त्याला अडकवून वर मिळवते. देणारा यमच राहतो. सोमा कोणाकडे काही मागत नाही. ती स्वतःच्या गाठीचे देते. पतिव्रतेच्या आदर्शासाठी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून सावित्री शिकवली गेली, सोमा शिकवली गेली नाही. याचे कारण उघड आहे.

दुसरी गोष्ट जातीची. हे पुण्य परटिणीकडेच का? परीट हा बलुतेदार, गावगाड्यात त्याची जागा गावाच्या आत होती. महार-मांगांसारखा तो वेशीबाहेर नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो, नाहीतर आपण घाईने सोमाला दलित करून टाकू. पण संस्कृत कथेने तिला 'रजकी' म्हटले आहे, आणि अत्रिस्मृतीने सात अंत्यजांची जी यादी दिली आहे तिचा आरंभच रजक आणि चर्मकार यांनी होतो. शास्त्राच्या लेखी सोमा अंत्यज आहे. तिचे काम काय? इतरांच्या अंगचा मळ धुणे. त्या कामात बाळंतिणीची आणि विटाळाची वस्त्रेही आली. दुसऱ्याची अशुद्धी स्वतःच्या हातांनी दूर करणारी बाई अशुद्ध ठरते, हा जातिव्यवस्थेचा नियम. कहाणी हा नियम मोडत नाही, पण त्याचे दुसरे टोक दाखवते. जो हात मळ काढतो तोच हात वैधव्य काढतो. ज्या वैधव्यापुढे ब्राह्मणाच्या घरातली वेदपोथी हात टेकते, त्याच्यावर उपाय परटिणीच्या अंगणात आहे. विधीच्या क्षणी समाजाला आपली खरी गरज आठवते, आणि ती गरज खालच्या माणसाकडे बोट दाखवते. ज्या बायका ही कहाणी माजघरात बसून शतकानुशतके ऐकत आल्या, त्यांना हे ठाऊक होते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग ही समतेची कहाणी झाली. तसे नाही. तिसरी गोष्ट म्हणूनच पाहिली पाहिजे, आणि ती आहे ऋणाची. बहीणभावंडे सोमाकडे जाऊन सरळ मागत का नाहीत? ते पहाटेच्या अंधारात, लपून का झाडतात? उजेडात ते चालले नसते म्हणून. ब्राह्मणाने परटिणीचे अंगण झाडणे ही गोष्ट फक्त अंधारातच घडू शकते. आणि ती सेवाही निव्वळ सेवा नव्हे. तिच्यामुळे सोमा अशा एका ऋणात ढकलली जाते, जे तिने मागितले नव्हते आणि जे तिला पेलणारे नव्हते. माझ्या माथी पाप येईल, हे तिचे पहिले उद्गार आहेत. तिच्या मनात उच्चनीचता इतकी मुरलेली आहे की, वरच्या माणसाने केलेले काम तिला उपकार वाटत नाही, संकट वाटते. त्या संकटातून सुटण्यासाठी ती नवरा, मुलगे, जावई पणाला लावते.

आता हाच हिशेब उलट बाजूने मांडून पाहावा. आमच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या गावची वेस झाडली, मेलेली ढोरे ओढली, सरकारी टपाल वाहिले, रात्री-अपरात्री हाळी आली की धावले. 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणाऱ्या कायद्याने महारकीचे हे जोखड कागदावर उतरवले, तोवर हे चालले होते. या सगळ्या झाडण्यातून गावाच्या डोक्यावर ऋण का साठले नाही? ब्राह्मणाच्या मुलांनी काही पहाटे अंगण झाडले तर त्याची भरपाई एका घराच्या प्राणांनी करावी लागते, आणि महाराने जन्मभर झाडले तर त्याची भरपाई शिळ्या भाकरीने होते. कहाणीने हे सांगायचे ठरवले नव्हते. पण श्रमाची किंमत श्रमावर नव्हे तर श्रमणाऱ्याच्या जातीवर ठरते, ही गोष्ट तिने अगदी नेमकी नोंदवून ठेवली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ती साक्ष महत्त्वाची वाटते, कारण ती आरोपीच्या घरातून आलेली आहे.

सोमाच्या कहाणीशेजारी ऋषिपंचमीची कहाणी ठेवली की हे चित्र पुरे होते. भाद्रपद शुद्ध पंचमीचे हे व्रत, विटाळात हातून घडलेल्या दोषाचे प्रायश्चित्त म्हणून सांगितले जाते. एका ब्राह्मणाच्या बायकोने विटाळ पाळला नाही, घरात शिवाशिव केली. त्या पापाने ती पुढल्या जन्मी कुत्री झाली, आणि संपर्काच्या दोषाने नवरा बैल झाला. दोघेही आपल्याच मुलाच्या घरी राहिले. श्राद्धाच्या दिवशी खिरीच्या भांड्यात सापाने गरळ टाकले. कुत्रीने ते पाहिले. ब्राह्मण जेवले तर मरतील म्हणून ती पुढे झाली आणि तिने भांड्याला तोंड लावले. सुनेने जळके लाकूड घेऊन तिची कंबर मोडली. खीर फेकली, दुसरी केली. रात्री ती उपाशी कुत्री बैलाजवळ जाऊन रडली. दिवसभर नांगराला जुंपलेला तो बैलही उपाशीच होता. मुलाने त्यांचे बोलणे ऐकले, ऋषींना विचारले, व्रत केले आणि दोघांची सुटका झाली.

या कहाणीचा घोषित हेतू बाईला विटाळाची भीती घालणे हाच आहे. तो झाकण्याचे कारण नाही. ज्या विटाळाच्या नावाखाली बाईला चार दिवस कोपऱ्यात बसवले, त्याच विटाळाच्या नावाखाली आम्हाला वेशीबाहेर बसवले. बाईचा विटाळ चौथ्या दिवशी फिटत होता, आमचा मरेपर्यंत फिटत नव्हता, एवढाच फरक. पण कहाणीच्या आतली घटना पाहावी. शिवल्याच्या पापाने ती कुत्री झाली, आणि शिवूनच तिने सगळ्यांचे प्राण वाचवले. खीर बाटली म्हणून माणसे जगली. खीर शुद्ध राहिली असती तर पंगत तिथेच मेली असती. उपदेश म्हणतो, स्पर्श मारतो. घटना म्हणते, स्पर्श तारतो. आणि तारणाऱ्या जिवाच्या कमरेत जळके लाकूड बसते, तेही दुसऱ्या बाईच्या हातून. उपदेश ज्याने जोडला तो आणि घटना जिने रचली ती, ही दोन वेगळी माणसे असावीत असा माझा तर्क आहे. निदान एकाच कहाणीत दोन आवाज आहेत एवढे तरी निश्चित.

हे दोन आवाज ओळखायचे कसे? माझी रीत साधी आहे. कहाणीत जिथे दानाची यादी येते, ब्राह्मणभोजन येते, पाप-पुण्याचा निवाडा येतो, तिथे पोथीचा आवाज असतो. जिथे झाडणे, सारवणे, खीर, कापूस, मुलांची भूक येते, तिथे घरातल्या बाईचा आवाज असतो. या दुसऱ्या आवाजातच नेमाचे काही चमत्कारिक तपशील सापडतात. सोमा त्या दिवशी कापसाला हात लावत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले, काही खायचे नाही, आपोआप उगवलेली भाजी खायची. शास्त्र याला नियम म्हणेल. मला त्यात श्रमातून एक दिवस अंग काढून घेण्याची धडपड दिसते. ज्या बाईला सुट्टी नावाची गोष्ट माहीत नव्हती, तिने देवाच्या नावाने एक दिवस कामाला 'नाही' म्हणायची सोय करून घेतली. तेवढ्यात बैलाचीही आठवण ठेवली.

या कर्तेपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सोमाचे सगळे सामर्थ्य खर्च होते ते एका मुलीचा नवरा जिवंत ठेवण्यात. नवरा मेलेली बाई या वर्तुळात नाही. वाण सवाष्णीला मिळते, विधवेला मिळत नाही. जिच्या भीतीवर ही सगळी कहाणी उभी आहे, तिलाच कहाणीच्या पाटावर जागा नाही. 1882 साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बायको मेलेला पुरुष आणि नवरा मेलेली बाई यांना वेगळा न्याय का, असा रोकडा सवाल केला. तो सवाल कहाणी करू शकली नाही. ती वैधव्य टाळण्याचा उपाय शोधत राहिली, वैधव्य अपमानास्पद का असावे हे तिने विचारले नाही. सोमाही शेवटी आपल्या बेटावर परत जाते. लग्नाच्या पंगतीत ती कुठे बसली, कोणाबरोबर जेवली, हे कहाणी सांगत नाही. आजीच्या शंकेसारखीच ही जागाही कोरी आहे.

1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, तिथेच जमलेल्या आमच्या बायकांशी ते बोलले आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारे लुगडे नेसण्याचे वळण, अंगावरचे दागिने टाकून द्या म्हणाले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या बायकांनी त्या दिवशी ती उच्चारली, त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी काही ना काही नवस, काही ना काही वसा होता. तो टाकणे पुरुषाने देव टाकण्याइतके सोपे नव्हते, कारण मूल दगावण्याची, नवरा जाण्याची धास्ती त्या वशाला बांधलेली होती. घेतला वसा टाकू नये, असे कहाणी बजावते. आमच्या आयांनी तो टाकला. सोमाने पुण्य देताना जे धैर्य दाखवले असे कहाणी म्हणते, ते धैर्य त्यांनी कहाणीबाहेर, पुन्हा कमावण्याची कोणतीही सोय नसताना दाखवले. या नोंदीशिवाय व्रतकहाण्यांचा इतिहास अपुरा आहे.

आपल्यापैकी जे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत त्यांनी अजून सांगणाऱ्या बायका आहेत तोवर या कहाण्या उतरवून घ्याव्यात. त्या वेळी छापील पुस्तकातला पाठ समोर ठेवून सांगणारी कुठे थांबते, काय गाळते, कोणत्या जागी आवाज चढवते ते टिपावे. मुख्य म्हणजे, त्या कहाण्या अंगणाच्या कडेला उभ्या राहून कोणी ऐकल्या हेही विचारावे. माजघरातला पाठ छापला गेला आहे. अंगणातला पाठ अजून छापलेला नाही. त्या पाठात मोळीविक्याला पाणी मिळाले की नाही, आणि सोमा परटीण कोणत्या पंगतीला बसली, याची उत्तरे असण्याचा संभव आहे.